प्रोग्रामर नव्हे, मुद्रितशोधक: एका मुक्त शुद्धलेखन-प्रकल्पाने व्याख्यानातून सहकारी कसे मिळवले

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या मुक्त-स्रोत प्रकल्पाचं आहे. मराठी मजकुरातल्या चुका दाखवणारा शब्दसंग्रह तयार करणं, एवढंच त्याचं काम. तो शुद्धलेखन तपासणाऱ्या हनस्पेल या प्रणालीसाठी बनतो, म्हणजे लिबरऑफिस, फायरफॉक्स वगैरेंमध्ये वापरता येतो. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रकल्प चालवणारी बाई पुण्याची, नोकरी सॉफ्टवेअरमधली. प्रकल्पात सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच. मी या प्रकल्पात शब्द तपासायला होतो आणि पुढच्या बहुतेक गोष्टी जवळून पाहिल्या आहेत.

ताईला कसली माणसं हवी होती हे कळायला कामाचं स्वरूप थोडं समजून घ्यावं लागेल. हनस्पेलला दोन फायली लागतात. एकीत शब्द असतात. दुसरीत त्या शब्दांना प्रत्यय कसे लागतात याचे नियम असतात. नियमांची फाइल साधारण अशी दिसते:

```
SET UTF-8
SFX A Y 1
SFX A 0 ात .
SFX B Y 1
SFX B ा ्यात ा
SFX C Y 1
SFX C ूल ुलात ूल
```

आणि शब्दांची अशी:

```
3
झाड/A
घोडा/B
फूल/C
```

झाडचं झाडात, घोडाचं घोड्यात, फूलचं फुलात. नियम लिहिणं हे दोन-तीन आठवड्यांचं काम होतं आणि ताईने ते एकटीने उरकलं. अडलं ते तिरप्या रेघेनंतरच्या त्या एका अक्षरापाशी. कुठल्या शब्दाला कुठलं अक्षर लावायचं हे यंत्राला सांगता येत नाही. भिंतचं भिंतीत होतं, पण वीटचं विटेत. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. वकीलचं वकिलाला होतं, पण शरीर तत्सम म्हणून त्याचं शरीराला. लाकूडमधला ऊ लाकडात जाताना नाहीसाच होतो. हे शब्दागणिक माणसानेच ठरवायचं, आणि नामं सुमारे ९,००० होती.

अडचण

ताईने पहिलं व्याख्यान दिलं ते एका प्रोग्रामर मंडळींच्या मासिक मीटअपमध्ये. ओळख तिथेच होती, वेळ मागितली की मिळायची. विषय होता प्रकल्पाची ओळख आणि वाटचाल. चाळीस मिनिटांत हनस्पेल कसं चालतं, फायलींची रचना काय, पुढे काय करायचं आहे हे सगळं येऊन गेलं. शेवटच्या स्लाइडवर गिटहब या संकेतस्थळावरच्या प्रकल्पाच्या साठ्याचा, म्हणजे रेपॉझिटरीचा, पत्ता आणि ‘सहभागी व्हा’.

व्याख्यान चांगलं झालं. प्रश्न आले, टाळ्या झाल्या, चहाच्या वेळी चार जण भेटून ‘भारी काम आहे’ म्हणाले. पुढच्या महिन्याभरात रेपॉझिटरीला पसंतीचे थोडे तारे मिळाले आणि दोन बदल आले. एकाने रीडमी या माहितीच्या फायलीतली टायपिंगची चूक दुरुस्त केली. दुसऱ्याने प्रत्येक बदलाबरोबर चाचण्या आपोआप चालतील अशी व्यवस्था करून दिली. दोन्ही उपयोगी. पण अक्षर न लागलेल्या शब्दांची यादी होती तेवढीच राहिली.

ताईचा पहिला निष्कर्ष होता की बोलण्यात जोर कमी पडला. मला तसं वाटलं नाही. त्या खोलीत बसलेल्या माणसांनी त्यांना जमेल ते दिलं होतं. प्रोग्रामरला काम द्या म्हटलं की तो चाचणीची व्यवस्था देतो. ‘विहीर’ला कुठलं अक्षर लावायचं, म्हणजे तिचं सामान्यरूप कुठल्या वर्गात टाकायचं, हे त्याला विचारलं तर तो आधी नियम शोधायला जातो, आणि नियम सापडत नाही म्हटल्यावर कंटाळतो. आपल्याला कोण हवं आहे हे न ठरवता जिथे वेळ मिळाली तिथे जाऊन बोललं, हा खरा घोळ होता.

समोरचे पर्याय

पुढच्या वेळी काय करायचं यावर आमचं बरंच बोलणं झालं. महाविद्यालयांच्या मराठी विभागांत जाऊन बोलणं हा एक मार्ग होता. तिथे श्रोते आयते मिळतात, प्राध्यापक सभागृह भरून देतात. पण भरून दिलेलं सभागृह आणि स्वतःहून आलेली माणसं यांत फरक पडतो. शिवाय पहिला प्रश्न प्रमाणपत्राचा येतो, आणि परीक्षा जवळ आली की यादी तिथेच थांबते. ताईने हा पर्याय उन्हाळ्यासाठी राखून ठेवला.

दुसरा मार्ग व्याख्यानच न देण्याचा. ओळखीच्या वीस जाणकारांना थेट फोन करायचे. हा पर्याय लोक फार लवकर सोडून देतात असं माझं मत आहे. वीस नावं माहीत असतील तर फोन व्याख्यानापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा. पण ताईला अशी नावं तीनच माहीत होती. ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत त्यांना समोर आणण्यासाठीच व्याख्यान लागतं.

मग उरले मुद्रितशोधक, अनुवादक आणि प्रकाशनांचे संपादक. हे काम ती माणसं रोज हातांनी करतात. अडचणी दोन. एक, ही मंडळी कुठल्याही मीटअपला जमत नाहीत. दुसरी जास्त नाजूक होती: मुद्रितशोधनाचे पानामागे पैसे मिळतात, आणि आपण त्यांना तेच काम फुकट करायला सांगणार होतो. ताईने ठरवलं की पैशाचा प्रश्न कुणी विचारायच्या आधी आपणच व्याख्यानात काढायचा. तिच्या सगळ्या निर्णयांत मला हा सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

विषय, तारीख आणि टिपण

एका अनुवादकांच्या गटाने ऑनलाइन सत्र घ्यायची तयारी दाखवली. त्यांच्या मनात २७ फेब्रुवारी होती, मराठी भाषा गौरव दिनाचं औचित्य म्हणून. ताईने नम्रपणे नको म्हटलं. त्या आठवड्यात मराठीवर इतके कार्यक्रम असतात की लोक अभिनंदन करायला येतात आणि पुढच्या कार्यक्रमाला जातात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हाही काळ बाद, कारण तेव्हा मुद्रितशोधक दिवाळी अंकांत बुडालेले असतात. शेवटी डिसेंबरातला एक रविवार ठरला, सकाळी ११.

विषयावर जास्त वेळ गेला. ‘मुक्त-स्रोत मराठी शब्दसंग्रह: ओळख’ हे नाव पहिल्यांदा गेलं होतं आणि ते बाद झालं. त्यात श्रोत्याच्या हाती काय लागणार हे कळत नाही. नवं नाव ठरलं: ‘दरवाजात की दरवाज्यात? संगणकाला सामान्यरूप शिवताना’. असं ताईनेच टाइप केलं होतं. ‘शिकवताना’मधला क राहून गेला, आणि शुद्धलेखनाच्या सत्राच्या आमंत्रणातली ती चूक अनुवादक गटातल्या तिघांनी अर्ध्या तासात कळवली. त्या तिघांची नावं आम्ही लगेच टिपून ठेवली.

दरवाजा हा शब्द मुद्दाम निवडला होता. साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी ‘जा’ असेल तर सामान्यरूपातही ‘जा’च ठेवायचा: दरवाजाला, मोजाला. प्रत्यक्षात छापील पुस्तकांतही ‘दरवाज्याला’ दिसतं. ज्याला याबद्दल मत आहे तो येणार, ज्याला नाही त्याचं या कामात मन रमणार नाही. म्हणजे शीर्षकातच निवड होत होती.

आमंत्रणाच्या टिपणात तीन गोष्टी स्पष्ट होत्या. सत्रात अर्धा तास सगळ्यांनी काम करायचं आहे. संगणक किंवा लॅपटॉपवरून आलात तर बरं. आणि हे काम विनामूल्य आहे, बदल्यात नाव श्रेयनामावलीत येईल आणि संग्रह सगळ्यांना मोफत वापरता येईल. नोंदणी त्यामुळे कमी झाली असणार. तरी पन्नासच्या आसपास नावं आली आणि तिसाच्या वर माणसं प्रत्यक्ष हजर राहिली.

सत्राच्या दिवशी

रंगीत तालमीत एक गोष्ट वेळेवर लक्षात आली. सरावाचे शब्द सामायिक गूगल शीटमध्ये ठेवले होते. फोनवर सत्र चालू ठेवून शीट उघडली तर चौकटीतली निवडसूची बोटाला सापडत नव्हती. म्हणून सरावापुरता गूगल फॉर्म केला. एका प्रश्नाला एक शब्द, खाली चार-पाच पर्याय. यात आणखी एक अडथळा गेला. काही ज्येष्ठ मुद्रितशोधक आयुष्यभर कागदावर लाल शाईने काम करत आलेले, काहींचा हात युनिकोडपूर्व फॉन्टांच्या कळफलकावर बसलेला. त्यांना देवनागरी टाइप करायला लावलं असतं तर तिथेच मंडळी गळली असती. आता टाइप काहीच करायचं नव्हतं, फक्त निवडायचं होतं.

ताई वीस मिनिटं बोलली. हनस्पेलचं नाव एकदाच आलं. घोड्यात आणि फुलात दाखवून तिने सांगितलं की यंत्राला एवढंच कळतं: शेवटचं काय कापायचं आणि काय जोडायचं. मग पैशाचं. ‘तुम्ही याचे पैसे घेता, आणि ते घ्यायलाच हवेत. इथे पैसे नाहीत. ज्यांना ते पटत नाही त्यांनी सराव करून आनंदाने निघावं.’ दोन जण खरंच निघाले. एकाने जाताना लिहिलं की स्पष्ट सांगितलंत ते आवडलं.

सरावाला वीस शब्द होते. पहिले पाच झाड, घोडा यांच्या जातीचे, कुणीही चुकू नये असे. पुढे वकील, शरीर, लाकूड, वीट, भिंत. शेवटी दरवाजा, मोजा आणि घसा. उत्तरांचे आलेख पडद्यावर आले तेव्हा पहिल्या पाचांवर एकमत होतं. शरीरवर थोडी फूट. दरवाजावर जवळजवळ निम्मेनिम्मे. आणि तिथे सत्र पेटलं. एका काकांचं म्हणणं होतं की नियम म्हणजे नियम, ‘ज्या’ दिसला की लाल रेघ आलीच पाहिजे. एका अनुवादिकेने उलट विचारलं, लाखो लोक लिहितात त्या रूपाला यंत्राने चूक म्हणायचं का?

ताईपुढे तिथे निर्णय होता. वेळ सांभाळायचा तर वाद थांबवायला हवा होता. तिने दहा मिनिटं चालू दिला, आणि शेवटी निकाल न देता सांगितलं की खऱ्या कामाच्या शीटमध्ये प्रत्येक शब्दापुढे ‘वाद’ असाही पर्याय आहे. तो निवडला तर शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं. असे शब्द तीन जण मिळून महिन्यातून एकदा निकालात काढतील. तोवर संग्रहात नियमाप्रमाणे असलेलं रूप राहील.

कुणीतरी विचारलं की सरळ एखादा कोश टाइप करून का टाकत नाही. याचं उत्तर तयार होतं. अलीकडच्या कोशांवर स्वामित्वहक्क आहे, त्यातून यादी उचलता येत नाही. मोल्सवर्थचा कोश १८५७ च्या आवृत्तीचा, त्याला हक्काची अडचण नाही, पण त्यातलं लेखन आजच्या नियमांआधीचं. हे उत्तर चोख असणं गरजेचं होतं. छपाईच्या व्यवसायातली माणसं हक्कांच्या बाबतीत ढिलाई दिसली की मागे सरतात.

शेवटच्या स्लाइडवर गिटहब नव्हतं. शीटचा दुवा होता, आणि त्यात पन्नास-पन्नास शब्दांच्या पुड्या. पुडीसमोर आपलं नाव लिहायचं. अंदाज एक तासाचा, मुदत दोन आठवडे. सत्र संपायच्या आत १४ पुड्यांसमोर नावं पडली.

पाठपुरावा

त्याच संध्याकाळी ताईने त्या चौदा जणांना वेगवेगळे निरोप पाठवले. ठरीव मजकूर नव्हता. एकीला लिहिलं: ‘तुम्ही भिंत आणि वीट यांचा फरक सांगितलात, म्हणून स्त्रीलिंगी शब्दांची पुडी तुमच्याकडे दिली तर चालेल का?’ नोंदणी करून न आलेल्यांना आणि इतरांना दुसऱ्या दिवशी ध्वनिचित्रमुद्रणाचा दुवा गेला, चार ओळींच्या पत्रासह. व्हॉट्सअॅप गट करायची सूचना चार जणांनी केली. ताईने गट केला, पण फक्त तिला लिहिता येईल असा. शंका शीटमधल्या टिप्पणीतच विचारायची. शुभ सकाळच्या फुलांपासून गट वाचला, आणि शंका ज्या शब्दाची त्याच्याच शेजारी राहिली.

तिसऱ्या दिवशी शीट बिघडली. कुणीतरी अकारविल्हे लावायला गेलं आणि फक्त शब्दांचाच रकाना लावला गेला. उत्तरं जागेवर, शब्द हलले. ‘घोडा’समोर स्त्रीलिंगाचा वर्ग दिसला म्हणून लक्षात आलं. आवृत्ती-इतिहासातून आदल्या रात्रीची प्रत परत आणली आणि शब्दांचा रकाना कुलूपबंद केला. कुणी केलं याची चौकशी ताईने केली नाही. नवख्या माणसाला पहिल्याच आठवड्यात खजील केलं की तो पुन्हा शीट उघडत नाही.

निष्पत्ती

दोन आठवड्यांत ११ पुड्या भरून आल्या. इथवर सगळं नीट होतं. मग तपासणी तुंबली. प्रत्येक पुडी दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे भरायची आणि फरक पडेल तिथे ताईने किंवा मी पाहायचं, असं ठरलं होतं. ताईच्या नोकरीत तेव्हाच एक मोठं काम आलं. काही जणांना त्यांच्या पुडीवर उत्तर मिळायला तीन आठवडे लागले. त्यांतले तिघे परत आले नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त दुसरी पुडी घेतली नाही. ज्यांना दोन-तीन दिवसांत उत्तर गेलं होतं त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येक जण पुढच्या पुडीवर गेला.

सहा महिन्यांनी नियमित काम करणारे चार जण उरले. चारांत नियमांवर अडून बसणारे ते काका आहेत आणि त्यांच्याशी वाद घालणारी अनुवादिकाही. ‘वाद’ रकान्यात सर्वांत लांब कारणं या दोघांची असतात. मागे वळून पाहिलं तर टिकणारे कोण हे पहिल्या पुडीतच दिसत होतं. ज्यांनी ‘वाद’ एकदाही निवडला नाही आणि पन्नास शब्द वीस मिनिटांत संपवले त्यांच्यापैकी कुणी उरलं नाही. अडून कारण लिहिणारे उरले.

एक प्रोग्रामरही मिळाला, आणि तो या सत्राचं ध्वनिचित्रमुद्रण पाहून. ‘वाद’ असलेले शब्द शीटमधून आपोआप वेगळे काढून महिन्याची यादी बनवणारी छोटी स्क्रिप्ट त्याने लिहून दिली. प्रोग्रामर मीटअपमध्ये ‘सहभागी व्हा’ म्हणून जे मिळालं नव्हतं ते इथे मिळालं, कारण आता अडलेलं काम नेमकं दिसत होतं.

सहा महिन्यांत सुमारे ३,००० नामांना वर्ग लागला. उरलेली सहा हजार आहेतच.

वेगळं काय करता आलं असतं

तपासणारा दुसरा माणूस सत्राआधी तयार असायला हवा होता. चौदा पुड्या एकदम वाटल्या तेव्हा आकडा छान वाटला, पण दोघांना आठवड्याला चार-पाच पुड्याच नीट पाहता येत होत्या. तेवढ्याच खुल्या ठेवून बाकीच्यांना ‘तुमचा क्रमांक पुढच्या पंधरवड्यात’ असं सांगितलं असतं, तर ते तिघे कदाचित टिकले असते. ताईचं मत वेगळं आहे. तिच्या मते उत्साह पंधरा दिवस थांबत नाही, आणि त्या तिघांना थांबवलं असतं तर पहिली पुडीही आली नसती. या मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही.

पैशाबद्दल आधीच बोलल्याने माणसं कमी आली हे खरं. पण नंतर कुणीही तो प्रश्न काढून अर्ध्यावर काम सोडलं नाही. तिथे मी काही बदलणार नाही.

दरवाजाच्या वादाला दिलेली दहा मिनिटं सराव-प्रश्नांतून कापली गेली आणि शेवटचे दोन शब्द चर्चेविना राहिले. घसा हा त्यातला एक. नियमाप्रमाणे ‘सा’चा ‘शा’ होतो, घशात. पुढच्या पुड्यांत ससा आणि पैसा यांच्या बाबतीत ‘श्या’ भरपूर आला, आणि तो सगळा हातांनी दुरुस्त करावा लागला. सरावातले वीस शब्द बाराच ठेवले असते तर हे टळलं असतं.

येत्या सत्रात शब्द बारा आहेत, बहुतेक स्त्रीलिंगी. जागा पंधरा. पुड्यांची तपासणी काका आणि ती अनुवादिका करणार आहेत, आणि कुणाची पुडी कोण पाहणार याची यादी आमंत्रण जायच्या आधीच शीटमध्ये भरून ठेवली आहे.